स्टेटस लॉक्ड, वेळ मात्र चुकलेली: बेस स्टेशनपर्यंत क्लॉक कसं पोहोचतं आणि कुठे बिघडतं

फाइव्ह-जी साइटवर पीटीपीचा, म्हणजे नेटवर्कवरून घड्याळ जुळवणाऱ्या प्रोटोकॉलचा, स्टेटस लॉक्ड दिसतोय, ऑफसेट शून्याच्या आसपास आहे, एकही अलार्म नाही, आणि तरी आजूबाजूच्या साइटचा अपलिंक खराब झालाय. असं खरंच होतं. का होतं हे कळायचं तर क्लॉक उगमापासून साइटपर्यंत कसं येतं हे एकदा नीट पाहावं लागतं. ट्रान्सपोर्ट किंवा फील्ड टीममध्ये नव्याने आलेल्यांसाठी तो प्रवास इथे क्रमाने मांडला आहे. उदाहरण म्हणून 3.5 गिगाहर्ट्झच्या आसपासच्या पट्ट्यातली साइट घेतली आहे. भारतात ऑक्टोबर 2022 मध्ये फाइव्ह-जी सुरू झालं, त्याचा मोठा भार याच पट्ट्यावर आहे आणि वेळेच्या बाबतीत हा पट्टा फार काटेकोर आहे.

पायरी 1: साइटला फ्रीक्वेन्सी हवी की फेज, ते आधी ठरवा

सिंक म्हणजे एकच गोष्ट नव्हे. दोन घड्याळं एकाच वेगाने चालत असतील तर त्यांची फ्रीक्वेन्सी जुळलेली असते. त्यांचे सेकंद एकाच क्षणी पडत असतील तर फेजही जुळलेली असते. वेग अगदी सारखा असला तरी एक घड्याळ दुसऱ्याच्या कायम पाच मायक्रोसेकंद पुढे असू शकतं.

टू-जी, थ्री-जी आणि एफडीडी प्रकारच्या, म्हणजे पाठवायला आणि घ्यायला वेगवेगळी फ्रीक्वेन्सी वापरणाऱ्या, फोर-जीला मुख्यतः फ्रीक्वेन्सी पुरते. मोठ्या बेस स्टेशनने हवेत सोडलेला सिग्नल नेमलेल्या फ्रीक्वेन्सीपासून 50 पीपीबीपेक्षा, म्हणजे अब्जात 50 भागांपेक्षा, जास्त ढळता कामा नये. 2100 मेगाहर्ट्झवर हे 105 हर्ट्झ होतात. एवढं सांभाळलं तर फोनला एका सेलवरून दुसऱ्या सेलवर जाताना नवा सिग्नल पकडायला अडचण येत नाही.

आपल्या उदाहरणातला 3.5 गिगाहर्ट्झचा पट्टा टीडीडीचा आहे, आणि टीडीडीमध्ये एवढ्याने भागत नाही. साधं गणित करून पाहा. क्लॉक 50 पीपीबीने चुकत असेल तर ते दर सेकंदाला 50 नॅनोसेकंद सरकतं, म्हणजे अर्ध्या मिनिटात दीड मायक्रोसेकंद. एफडीडीच्या नियमात बसणारं हे क्लॉक टीडीडीची संपूर्ण मर्यादा अर्ध्या मिनिटात संपवतं.

पायरी 2: दीड मायक्रोसेकंदाची मर्यादा कुठून आली, ते समजून घ्या

टीडीडीत पाठवणं आणि घेणं एकाच फ्रीक्वेन्सीवर आळीपाळीने चालतं. घाटातल्या एकेरी पुलावर दोन्ही टोकांना झेंडेवाले उभे असतात, तसंच. दोघांची घड्याळं जुळली नाहीत तर समोरासमोर गाड्या येतात. इथे गाड्या म्हणजे बेस स्टेशनचा ताकदवान डाउनलिंक आणि फोनचा क्षीण अपलिंक. एक साइट वेळेआधी बोलू लागली की शेजारची साइट आपल्या फोनचं ऐकत असतानाच तिच्या कानावर हा मोठा आवाज आदळतो. टॉवर उंचावर असतात, एकमेकांना बऱ्यापैकी दिसतात, त्यामुळे हा आवाज किलोमीटरभर अंतरावरूनही फोनच्या सिग्नलला सहज दाबून टाकतो.

नव्या माणसाला इथे एक रास्त शंका येते. डाउनलिंक संपून अपलिंक सुरू होताना मध्ये गार्ड पीरियड असतो. 30 किलोहर्ट्झच्या रचनेत दोन सिंबॉल मोकळे ठेवले तर तो सुमारे 71 मायक्रोसेकंदांचा होतो. एवढी जागा असताना दीड मायक्रोसेकंदाचं एवढं काय?

अडचण उलट बाजूच्या बदलात आहे. अपलिंक संपून डाउनलिंक सुरू होताना फ्रेममध्ये असा वेगळा गार्ड ठेवलेला नसतो. तिथे फक्त एक सोय आहे: फोनला आपला अपलिंक ठरावीक 13 मायक्रोसेकंद आधी पाठवायला सांगितलेलं असतं, म्हणून बेस स्टेशनवर तो तेवढा आधी संपतो. या 13 पैकी 10 मायक्रोसेकंदांपर्यंतचा वेळ ट्रान्समीटर बंद अवस्थेतून चालू व्हायला लागू शकतो. उरले 3. एकमेकांच्या क्षेत्रात येणाऱ्या दोन सेलमध्ये याहून जास्त फरक चालत नाही. दोघांना एकाच मूळ वेळेशी जुळवायचं असल्याने प्रत्येकाच्या वाट्याला अधिक-उणे दीड मायक्रोसेकंद येतात.

म्हणून साइट मागे पडण्यापेक्षा पुढे गेली तर त्रास आधी दिसतो, आणि तो तिच्या स्वतःच्या केपीआयमध्ये दिसेलच असं नाही. तो शेजाऱ्यांच्या अपलिंकमध्ये उमटतो. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

पायरी 3: उगमापासून सुरुवात करा

वेळेचा उगम बहुतेक ठिकाणी उपग्रहच असतो. जीपीएस किंवा इतर उपग्रहप्रणालीचा रिसीव्हर आणि त्याला जोडलेलं ग्रँडमास्टर, म्हणजे पुढे सगळ्यांना वेळ देणारं मूळ घड्याळ, मिळून सर्वसाधारण दर्जाची वेळ 100 नॅनोसेकंदांच्या आत द्यायला हवी.

हे 100 नॅनोसेकंद किती थोडे आहेत ते अँटेनाच्या केबलवरून कळतं. कोऑक्सियल केबलमध्ये सिग्नलला मीटरला साधारण 4 नॅनोसेकंद लागतात. गच्चीवरच्या अँटेनापासून खालच्या रॅकपर्यंत 50 मीटर केबल असेल तर 200 नॅनोसेकंद झाले, म्हणजे परवानगीच्या दुप्पट. म्हणून रिसीव्हरमध्ये केबल डिले भरावा लागतो. केबलवर छापलेले मीटरचे आकडे दोन्ही टोकांना वाचा, वजाबाकी करा, उत्पादकाने दिलेल्या प्रतिमीटर डिलेने गुणा. मध्ये लाइटनिंग अरेस्टर किंवा स्प्लिटर असेल तर त्याचाही डिले मिळवा. अंदाजाने आकडा टाकू नका, कारण पुढे तपासताना हा आकडा चुकीचा आहे असं कोणत्याही स्क्रीनवर दिसणार नाही.

अँटेनाला आकाश मोकळं दिसलं पाहिजे. पावसाळ्यात कनेक्टरमध्ये पाणी शिरलं की उपग्रहांचा सिग्नल-टू-नॉइज एकेक करून घसरतो. सगळ्या उपग्रहांचा सिग्नल सारखाच घसरला असेल तर केबल किंवा कनेक्टर तपासा. आकाशाच्या एकाच बाजूचे उपग्रह गेले असतील तर त्या बाजूला नवी टाकी, होर्डिंग किंवा इमारत आलीय का ते बघा.

मग प्रत्येक साइटवरच जीपीएस का लावत नाहीत? बऱ्याच ठिकाणी लावतातही. पण इमारतीच्या आतल्या साइट, दाट वस्तीतले छोटे सेल, जॅमिंगचा धोका आणि शेकडो अँटेनांची देखभाल हे सगळं धरलं तर निवडक ठिकाणी चांगले ग्रँडमास्टर बसवून तिथून फायबरवर वेळ वाटणं सोयीचं पडतं. उपग्रहाकडून येणारी माहितीही कधी चुकू शकते. 26 जानेवारी 2016 रोजी जीपीएसचा एक जुना उपग्रह सेवेतून काढताना प्रणालीत चुकीची माहिती गेली आणि काही उपग्रह यूटीसीचा फरक सुमारे 13 मायक्रोसेकंदांनी चुकीचा सांगू लागले. ज्या रिसीव्हरनी ती दुरुस्ती वापरली त्यांची वेळ तेवढी सरकली. ज्यांनी थेट जीपीएसची वेळ घेतली ते वाचले.

पायरी 4: फायबरवर वेळ कशी जाते, ते चार आकड्यांत पाहा

फ्रीक्वेन्सी नेण्याचं काम सिंक-ई करतं. इथरनेटच्या लाइनवर बिट ज्या वेगाने येतात त्या वेगावरूनच पुढचं उपकरण आपलं क्लॉक चालवतं. ट्रॅफिक कमी-जास्त झाल्याने त्यात फरक पडत नाही. पण "आत्ता किती वाजले" हे त्यातून कळत नाही. त्यासाठी पीटीपी, म्हणजे आयईईई 1588, वापरतात.

पीटीपीत मास्टर एक संदेश पाठवतो आणि तो निघाल्याची वेळ कळवतो, ती `t1`. साइटवर तो पोहोचल्याची वेळ साइटच्या घड्याळात नोंदते, ती `t2`. मग साइट उलट संदेश पाठवते, निघाल्याची वेळ `t3`, आणि मास्टरकडे पोहोचल्याची वेळ `t4`. यावरून साइट दोन गोष्टी काढते:

```
meanPathDelay    = ((t2 - t1) + (t4 - t3)) / 2
offsetFromMaster = ((t2 - t1) - (t4 - t3)) / 2
```

दुसऱ्या ओळीत एक गृहीतक लपलेलं आहे: जायला जेवढा वेळ लागतो तेवढाच यायला लागतो. पीटीपीला एकूण फेरीचा वेळ मोजता येतो. त्यातला जाण्याचा वाटा किती आणि येण्याचा किती, हे त्याला मोजता येत नाही. दोन्ही वाटा समान मानल्याशिवाय हे गणित सुटतच नाही. दोन्ही वाटांत फरक असेल तर त्याच्या निम्मी चूक साइटच्या वेळेत शिरते, आणि साइटला ती कधीच कळत नाही.

पायरी 5: मधला प्रत्येक हॉप पीटीपी समजणारा आहे ना, ते पाहा

दोन्ही वाटा असमान होण्याचं पहिलं कारण म्हणजे स्विचमधली रांग. 1500 बाइटचं एक पॅकेट 1 जीबीपीएसच्या पोर्टवरून बाहेर पडायला 12 मायक्रोसेकंद लागतात. पीटीपीचा संदेश नेमका त्याच्या मागे अडकला तर साइटच्या मर्यादेच्या आठपट वेळ तिथेच गेला. परतीच्या वाटेवर रांग नसेल तर यातली निम्मी चूक ऑफसेटमध्ये येते. फिल्टर लावून ती कमी होते, पण संध्याकाळी ट्रॅफिक वाढला की पुन्हा डोकं वर काढते.

यावर उपाय म्हणजे प्रत्येक राउटर बाउंडरी क्लॉक करणं. तो मागच्या बाजूने वेळ घेतो, स्वतःचं घड्याळ जुळवतो आणि पुढच्या बाजूला स्वतः मास्टर होतो. वेळेचा शिक्का पोर्टच्या हार्डवेअरमध्येच पडतो, त्यामुळे आतली रांग हिशेबात येत नाही. आयटीयूचा जी.8275.1 प्रोफाइल असाच आहे: मार्गावरचा एकूणएक हॉप पीटीपी समजणारा, जोडीला सिंक-ई. मध्ये एखादा साधा स्विच राहिला तर साखळीचा भरवसा तिथे संपतो. हा स्विच बहुतेकदा कुणीतरी "तात्पुरता" बसवलेला असतो, म्हणून नकाशावर विसंबू नका, साइटवर जाऊन केबल कुठे जाते ते डोळ्यांनी पाहा.

आयटीयूने दीड मायक्रोसेकंद कसे वाटून दिलेत ते बघण्यासारखं आहे. ग्रँडमास्टरला 100 नॅनोसेकंद. दहा बाउंडरी क्लॉक आणि शेवटचं क्लॉक मिळून अकरा, प्रत्येकी 50 धरले की 550. फायबरच्या असमानतेला 250. वेळेच्या हलत्या चुकीला 200. इथपर्यंत झाले 1100, ही नेटवर्कची मर्यादा. उरलेल्या 400 पैकी 250 मार्ग बदलताना किंवा उगम तुटल्यावर क्लॉक सरकतं त्यासाठी, आणि 150 खुद्द बेस स्टेशनसाठी.

असमानतेला मिळालेले 250 नॅनोसेकंद संपूर्ण साखळीसाठी आहेत. फायबरमध्ये प्रकाशाला मीटरला सुमारे 5 नॅनोसेकंद लागतात. जाण्याच्या आणि येण्याच्या कोअरच्या लांबीत 100 मीटरचा फरक असला की 500 नॅनोसेकंदांची असमानता, आणि तिच्या निम्मी म्हणजे 250 नॅनोसेकंदांची चूक. सगळ्या हॉपचे मिळून शंभर मीटर झाले की हा वाटा संपला.

पायरी 6: चालू साइटवर काय वाचायचं

प्रत्येक कंपनीच्या उपकरणाच्या कमांड वेगळ्या असतात, पण वाचायच्या गोष्टी त्याच. लिनक्सपीटीपी चालणाऱ्या ओपन रॅन साइटवर त्या अशा दिसतात:

```
pmc -u -b 0 -d 24 'GET PARENT_DATA_SET'
pmc -u -b 0 -d 24 'GET CURRENT_DATA_SET'
```

24 हा जी.8275.1 चा नेहमीचा डोमेन क्रमांक. तुमच्या नेटवर्कमध्ये दुसरा असेल तर तो टाका.

पहिल्या कमांडच्या उत्तरात `gm.ClockClass` बघा. 6 म्हणजे ग्रँडमास्टर उपग्रहाशी जुळलेला आहे. 7 म्हणजे उगम तुटलाय पण होल्डओव्हर, म्हणजे स्वतःच्या ऑसिलेटरवर वेळ धरून ठेवणं, अजून मर्यादेत आहे. 248 म्हणजे वेळ कुठूनच आलेली नाही. होल्डओव्हरवर फार विसंबून राहू नका. 24 तासांत दीड मायक्रोसेकंदाच्या आत राहायचं तर क्लॉकची चूक सरासरी 0.017 पीपीबीच्या आसपास हवी, आणि बेस स्टेशनमधल्या साध्या ऑसिलेटरला, त्यातही शेल्टरचा एसी बंद पडून तापमान चढलं तर, ते जमत नाही.

दुसऱ्या कमांडच्या उत्तरात तीन ओळी असतात. `stepsRemoved` म्हणजे ग्रँडमास्टरपासून किती हॉप दूर. हा आकडा डिझाइनपेक्षा वेगळा असेल तर साइट भलत्याच मार्गाने वेळ घेतेय. `offsetFromMaster` हा आकडा सगळे बघतात. त्यातून साइटने स्वतःचं गणित नीट पाळलंय एवढंच कळतं, वेळ बरोबर आहे हे कळत नाही. मी सगळ्यात आधी `meanPathDelay` बघतो, कारण फायबरमध्ये काही बदललं असेल तर त्याची खूण तिथे राहते. साइट सुरू करताना तो आकडा लिहून ठेवा. नंतर ही नोंद नसेल तर तुलना कशाशी करणार?

पायरी 7: एक बिघाड पूर्ण सोडवून पाहू

समजा शेवटचा राउटर आणि साइट यांत 10 किलोमीटर फायबर आहे, जायला एक कोअर, यायला एक. दोन्हीकडे 50 मायक्रोसेकंद. जेसीबीने रस्त्याकडेची केबल तोडली. रात्री दुरुस्ती झाली, पण यायची कोअर जोडता आली नाही, म्हणून ती दुसऱ्या केबलमधून फिरवून आणली आणि तिची लांबी 800 मीटरने वाढली. सकाळी लिंक वर आहे, पॉवर लेव्हल चांगली आहे, तिकीट बंद.

आता साइटचं घड्याळ या क्षणी अगदी बरोबर आहे असं धरा. `t2 - t1` येतं 50 मायक्रोसेकंद. `t4 - t3` येतं 54, कारण 800 मीटरचे 4 वाढले. ऑफसेट निघतो (50 − 54) ÷ 2 = −2. साइट समजते की आपण 2 मायक्रोसेकंद मागे आहोत, आणि स्वतःला तेवढं पुढे नेते. त्यानंतरचं उत्तर असं दिसतं:

```
stepsRemoved     4
offsetFromMaster 3.0
meanPathDelay    52000.0
```

आकडे नॅनोसेकंदांत आहेत. ऑफसेट 3, म्हणजे दिसायला उत्तम. प्रत्यक्षात साइट 2 मायक्रोसेकंद पुढे आहे, आणि मर्यादा दीडची आहे. तिचा डाउनलिंक लवकर सुरू होतो आणि शेजारच्या साइटच्या अपलिंकचं शेपूट कापतो.

हे ओळखायचं कसं? रेडिओ टीमकडून अपलिंक इंटरफेरन्सचा आलेख मागवा आणि दोन गोष्टी बघा. इंटरफेरन्स वाढण्याची सुरुवात केबल दुरुस्तीच्या वेळेशी जुळते का? आणि त्रास होणाऱ्या साइट नकाशावर एखाद्या साइटभोवती, किंवा एकाच राउटरमागच्या साइटच्या गटाभोवती, घोळक्याने आहेत का? बाहेरचा जॅमर किंवा बेकायदा रिपीटर असता तर त्याने केबल दुरुस्तीची वेळ पाळली नसती. मग `meanPathDelay` बघा: 50000 होता, 52000 झालाय. एवढ्यावर निकाल मात्र देता येत नाही. दोन्ही कोअर 400-400 मीटरने वाढल्या असत्या तरी हाच आकडा आला असता, आणि तेव्हा वेळेत चूक शून्य असती. या आकड्यावरून फायबर बदलली एवढं कळतं. ती असमान झाली का, हे बाहेरूनच मोजावं लागतं.

त्यासाठी दोन मार्ग आहेत. एक म्हणजे जीपीएस असलेला टायमिंग टेस्टर साइटवर नेणं आणि बेस स्टेशनच्या 1पीपीएस पोर्टचा सेकंदाचा ठोका टेस्टरच्या ठोक्याशी ताडून पाहणं. टेस्टरला आधी पुरेसा वेळ उपग्रह पकडू द्या आणि त्याच्या अँटेनाचा केबल डिलेही भरा, नाहीतर मोजमापच चुकेल. दुसरा मार्ग ओटीडीआरचा: दोन्ही कोअरची लांबी वेगवेगळी मोजायची. आपल्या उदाहरणात 10.0 आणि 10.8 किलोमीटर दिसतील आणि प्रश्न मिटेल. ओटीडीआरसाठी लिंक बंद करावी लागते, म्हणून मी आधी टेस्टर नेतो.

खरा उपाय एकच: परतीची कोअर पुन्हा जाण्याच्या कोअरबरोबर एकाच केबलमध्ये आणणं. एकाच कोअरवर दोन तरंगलांबींनी चालणारे बायडाय एसएफपी लावले तर प्रश्न मुळातच बराच सुटतो. तेव्हा उरणारी असमानता फक्त दोन तरंगलांबींच्या वेगातल्या फरकाची, किलोमीटरला साधारण दोन नॅनोसेकंदांची. नव्या साइटला निवड करता येत असेल तर मी बायडायच घ्या म्हणेन.

केबलचं काम होईपर्यंत असमानता कॉन्फिगरेशनमध्ये भरता येते. लिनक्सपीटीपीत `delayAsymmetry` नावाची सेटिंग आहे, नॅनोसेकंदांत. मास्टरकडून साइटकडची वाट लांब असेल तर आकडा धन, उलट असेल तर ऋण. ती सरासरी डिलेपासूनचा फरक मागते, म्हणून दोन वाटांतल्या फरकाच्या निम्मा आकडा टाकायचा:

```
delayAsymmetry   -2000
```

काही उपकरणं मात्र पूर्ण फरक मागतात, काहींचं चिन्ह उलट असतं. म्हणून आकडा टाकल्यावर 1पीपीएस पुन्हा मोजा. चिन्ह चुकलं असेल तर 2 ऐवजी 4 मायक्रोसेकंदांची चूक दिसेल, ते लगेच कळतं.

शेवटची गोष्ट केबल टीमला सांगून ठेवायची. हा आकडा साइटच्या नोंदीत आणि त्या लिंकच्या तिकिटावर, दोन्हीकडे लिहा. पंधरा दिवसांनी कुणी कोअर मूळ जागी परत आणली आणि `-2000` तसाच राहिला, तर साइट या वेळी 2 मायक्रोसेकंद मागे पडेल आणि स्टेटस पुन्हा लॉक्डच दाखवेल. म्हणून कोअर बदलण्याचं काम आणि सेटिंग काढण्याचं काम एकाच वर्क ऑर्डरमध्ये घाला, आणि त्यावर 1पीपीएसचं मोजमाप जोडल्याशिवाय ती बंद होऊ देऊ नका.